शाम्पू निर्दोष आहे

बाळंतिणीचे केस गळू लागले की घरात आरोपी शोधले जातात. बदललेला शाम्पू, बोअरचं पाणी आणि आजीबाईंच्या मते खुद्द बाळ! बाळ ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात, असं त्या ठामपणे सांगतात. या सगळ्यांत मला आजीबाईच सत्याच्या जवळ वाटतात. त्यांचं कारण चूक आहे, पण महिना बरोबर आहे.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले सुमारे दहा टक्के वाढ थांबवून विश्रांती घेत असतात आणि तीनेक महिन्यांनी गळतात. दहा हजार केस शंभर दिवसांत, म्हणजे रोज शंभरच्या आसपास. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे विश्रांतीला जाणाऱ्यांची संख्या घटते आणि वेणी दाट दिसते. प्रसूतीनंतर ते संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि खोळंबलेले केस एकदमच विश्रांतीला जातात. ते प्रमाण तीस टक्क्यांवर गेलं, तर रोजचे शंभर तीनशे होतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा लग्नाआधी महिनाभर सूप पिऊन केलेली उपासमार यांत वाढीतले केस अकाली थांबतात. वाट वेगळी, पण गळती तिथेही दोन ते चार महिन्यांनीच येते. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ साली याचं वर्णन ‘टेलोजन एफ्लुव्हियम’ या नावाने केलं.

आता एक कल्पित बाळंतीण घेऊ. जानेवारीत सिझेरियन झालं. एप्रिलच्या सुरुवातीला तिने शाम्पू बदलला आणि मध्यावर न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका दिसला. शाम्पूवर आळ आला. पण आज जाळीत आलेल्या केसाची वाढ थांबली ती जानेवारीत. तेव्हा ती बाटली दुकानातच होती! मग कुणी म्हणालं, अंगावर पाजणं बंद कर. हा सल्ला मात्र घातक. बाळाला वरचं दूध देऊन थांबलेला केस पुन्हा वाढीला लागत नाही. जूनअखेर नणंदेने महागडं तेल आणलं आणि ऑगस्टमध्ये गळती ओसरली. तेलाचा जयजयकार झाला. खरं तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपणहून थांबते आणि तेल घरात येतं ते ती टिपेला पोचल्यावर. त्या वेळी काहीही लावलं तरी त्याला यश मिळणारच. तेलाने केस कमी तुटतात, मालिश केल्यावर झोपही छान लागते. तेवढ्यासाठी खुशाल लावावं.

‘मुळासकट केस येतोय’ ही भीतीही निराधार आहे. टोकाला दिसणारा पांढरा मणी म्हणजे मूळ नव्हे. तो विश्रांती संपवून आलेल्या केसाचा बुंधा. मूळ त्वचेतच राहतं आणि तिथून नवा केस निघतो. त्या भीतीने आठवडाभर न्हायचं टाळलं, तर सात दिवसांचे सुटलेले केस एकाच दिवशी हाती येतात आणि घबराट वाढते.

बायोटिनच्या गोळ्यांची गोष्ट मात्र गमतीवारी नेण्यासारखी नाही. बायोटिनची कमतरता विरळा असते, पण त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं तर अगदी शक्य असतं. म्हणजे जे खरं कारण पकडायचं, तेच गोळीमुळे निसटतं. गळती लांबली, थकवा किंवा धडधड असली, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच तपासावं, आणि गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं.

‘आपोआप थांबतं’ हे सगळ्याच गळत्यांना लागू नाही. जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही दिवसांतच माणसांना टक्कल पडल्याच्या बातम्या आल्या. एवढा वेग टेलोजन एफ्लुव्हियममध्ये बसत नाही. त्यात गळती डोकंभर असते आणि पूर्ण टक्कल पडत नाही. गोल चट्टे, टाळूची आग, भांग रुंदावत जाणं किंवा सहा महिन्यांनंतरही तेवढीच गळती, यांपैकी काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

एक तक्रार उरते आणि ती खरी आहे: ‘गळणं थांबलं, पण वेणी अजून शेपटीसारखीच.’ केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. नवा केस कमरेच्या वेणीत पोचायला काही वर्षं लागतात. तोवर कपाळाशी उभे राहणारे आखूड केस दिसतात, आणि त्यांना तुटके समजून पुन्हा शाम्पू बदलला जातो.