कोकण आणि सह्याद्री एकाच रंगात

संपादक महोदय,


शालेय पुस्तके आणि भिंतीवरचे नकाशे आता रंगीत व देखणे झाल्याबद्दल समाधान व्यक्त करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. छपाई सुधारली हे खरेच, पण रंग निवडताना वर्गातल्या काही मुलांना कुणी विचारात घेतलेले दिसत नाही. आपल्या देशात शंभर मुलग्यांमागे साधारण दोन ते चार जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मुलींमध्ये हे प्रमाण फारच कमी. पन्नासाच्या वर्गात असा एखादा मुलगा असण्याची बरीच शक्यता असते, आणि पुष्कळदा ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशाच घ्या. रूढीप्रमाणे कोकणची किनारपट्टी हिरवी, पठार पिवळसर आणि सह्याद्री तपकिरी. अशा मुलाला हिरवा-तपकिरी फरकही कळत नाही, त्याला हे दोन्ही रंग मळकट खाकी दिसतात. तरीही एक फिका आणि दुसरा गडद असता, तर त्यावरून त्याने ते ओळखले असते. पण इथेच खरी गोची आहे. या रंगसंगतीत उंचीबरोबर रंग सारखा गडद होत जात नाही. मध्यम हिरव्यापासून सुरुवात होते, मध्ये फिका पिवळा येतो आणि पुढे पुन्हा गडद तपकिरी. त्यामुळे सर्वांत सखल आणि बराच उंच असे दोन्ही भाग जवळपास सारख्याच गडदपणाचे होतात. समुद्राला लागलेले कोकण आणि त्याच्या डोक्यावरचा घाट, दोन्ही मिळून एकच खाकी पट्टा! १६४६ मीटरचे कळसूबाई आणि अलिबागचा किनारा नकाशात एकाच पातळीवर येऊन बसतात. ‘तपकिरी रंगाने दाखवलेल्या पर्वतरांगेचे नाव लिहा’ असा प्रश्न आला, की त्या मुलाचे गुण भूगोल येत असूनही जातात.

‘हिरवे मैदान, तपकिरी डोंगर ही जगभरची पद्धत आहे, ती कशी मोडायची?’ असे कुणी म्हणेल. मोडू नकाच. हिरवा अगदी फिका ठेवा, पठाराला त्याहून थोडा गडद पिवळा द्या आणि तपकिरी चढत्या क्रमाने गडद करत न्या. शाई तीच, खर्चही तोच. (या हिरव्याने चांगली दृष्टी असलेली मुलेही फसतात, हे जाता जाता सांगते. कच्छचे रण सखल म्हणून नकाशात हिरवे असते आणि मुले तिथे झाडी आहे असे धरून चालतात.)

जिथे चढउतार नसून वेगवेगळे गट दाखवायचे असतात, उदाहरणार्थ पिकांचा विभागलेला गोल, तिथे मात्र निराळा उपाय हवा. जपानच्या ओकाबे आणि इतो या शास्त्रज्ञांनी लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या दृष्टीसाठी आठ रंगांचा संच सुचवला आहे. त्यात लाल-हिरवे वगळलेले नाहीत, फक्त वळवले आहेत. लाल शेंदरीकडे झुकतो (#D55E00), हिरवा निळ्याकडे, आपल्या मोरपिशीच्या जवळ (#009E73). शिवाय कोपऱ्यातली सूची काढून टाकावी. चिमुकल्या चौकोनातला रंग ओळखून तो गोलात शोधणे या मुलांना सर्वांत जड जाते, कारण रंगाचा ठिपका जितका लहान तितका तो ओळखणे कठीण. ‘ज्वारी’, ‘कापूस’ ही नावे थेट त्या त्या भागावर लिहिली की रंग न कळल्याने काही अडत नाही.

तपासणीही सोपी आहे. चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. तिच्यात सगळे भाग वेगळे दिसले तर बहुतेक काम झाले. ही कसोटी थोडी जास्तच कडक आहे, कारण झेरॉक्समध्ये एकसारखे दिसणारे निळा आणि नारिंगी या मुलांना सहज वेगळे कळतात. उलट एका बाबतीत ती ढिली पडते. काहींना लाल रंग आपल्याला दिसतो त्यापेक्षा पुष्कळ काळपट दिसतो. लाल पट्टीवरची काळी अक्षरे झेरॉक्सवर वाचता येतील, त्यांना येणार नाहीत. त्यासाठी ‘कलर ओरॅकल’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पडद्यावरचे चित्र अशा दृष्टीला कसे दिसेल ते त्यात लगेच कळते. पुस्तकाची पाने जुळवणाऱ्याच्या संगणकावर ते असायलाच हवे, आणि छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक नकाशा त्यातून पाहिल्याची नोंद संपादक मंडळाने मागायला हवी.

नव्या पुस्तकांची वाट पाहत असताना जुने नकाशे भिंतीवर राहणारच. त्यांवर रंग बदलतो त्या प्रत्येक सीमेवरून काळ्या मार्करने रेघ ओढून पट्ट्यात उंचीचा आकडा लिहावा. रंगांची नावे घेणारे प्रश्न या सत्रापासूनच बंद करता येतील.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, चिपळूण