पेडण्याच्या शेवटचा ‘एम’: एका लेखाची जडणघडण

गोव्यातील गावांच्या नावांवर लिहिलेल्या मागील लेखाने काही वाचक नाराज झाले. सीमेच्या अलीकडच्या काहींनी विचारले, मराठीची बाजू मांडता मांडता तुम्ही कोंकणीची वकिली कधीपासून करू लागलात? पलीकडच्या एका सद्गृहस्थांनी नेमका उलटा प्रश्न केला. दोघांचाही प्रश्न रास्त आहे. मी तो लेख लिहावयास बसलो तेव्हा माझ्या मनात जे होते त्याच्या जवळजवळ विरुद्ध मजकूर अखेरीस छापला गेला. हे कसे घडले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या खर्ड्याचे शीर्षक होते ‘पोर्तुगिजांनी बिघडवलेली आमची नावे’. निमित्त मुंबईच्या एका दैनिकातील बातमीचे. तीत पेडण्याचा उल्लेख ‘पर्नेम’ आणि हरमलचा ‘अरंबोल’ असा आला होता. रोमन लिपीतील नाव वाचून ते पुन्हा देवनागरीत उतरविण्याचा हा आळस जुनाच आहे. डिचोलीचे ‘बिचोलिम’, साखळीचे ‘सांकेलिम’, मयेचे ‘मायेम’ आपण रोज वाचतो. माझा मुद्दा सरळ होता: मूळ नाव मराठी ‘पेडणे’, परकीयांनी त्याला शेपटीसारखा ‘एम’ जोडला, आणि कोंकणीत जे ‘पेडणें’ असे सानुस्वार लिहितात ते त्या शेपटीचेच अनुकरण. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला राजभाषा ठरविले आणि मराठीच्याही शासकीय वापराची तरतूद केली. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने फलकावर या दोन भाषांत पुष्कळदा एका टिंबाचाच फरक उरतो. तेच टिंब खोटे ठरविता आले तर बरेच काही साधेल, असा माझा हिशेब होता.

पहिला धक्का पोर्तुगीज भाषेनेच दिला. तिच्यात शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ हा ओठ मिटून उच्चारावयाचा व्यंजनवर्ण नव्हेच; आधीचा स्वर नाकातून काढावा एवढेच तो सांगतो. त्याचे काम आपल्या अनुस्वाराचे. म्हणजे पोर्तुगीज लेखनिकाने पेडण्याच्या शेवटी ‘एम’ लिहिला तो ‘म’ जोडण्यासाठी नव्हे. त्याला तेथे सानुनासिक ‘एं’ ऐकू आला म्हणून लिहिला. आणि ‘ड’चा ‘र’ झाला तो त्याच्या भाषेत आपला मूर्धन्य ‘ड’ नसल्यामुळे. मडगावचेही तसेच झाले. ‘पर्नेम’ हा उच्चार पुढे इंग्रजी वळणाने वाचणाऱ्यांनी घडविला. रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे आजही ‘कितें’ आणि ‘तें’ या शब्दांच्या शेवटी हाच ‘एम’ लिहितात, आणि कोणीही त्यांचा उच्चार ‘कितेम’ असा करीत नाही.

तरीही मी हटलो नाही. लेखनिकाने चुकीचे ऐकले असेल, असे स्वतःला समजावले आणि मराठीचा जुना पुरावा शोधू लागलो. पेडणे महाल 1780 च्या दशकात पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता; तेव्हा मोडी कागद असणारच. एका परिचितांकडे काही कागदांच्या प्रती पाहावयास मिळाल्या. त्यांत गावाचे नाव टिंबाविना होते. त्या रात्री मी दोन पाने एका बैठकीत लिहिली.

ती दोन पाने पेडण्याच्या एका निवृत्त मास्तरांनी फाडावयास लावली. मोडी वाचण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. ते म्हणाले, “अहो, मोडीत ऱ्हस्वदीर्घाचाही भेद पाळत नाहीत, अनुस्वार तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. त्याच कागदात ‘गाव’ कसा लिहिला आहे तो पाहिलात का?” पाहिला. ‘गाव’ही टिंबाविना होता. जेथे नासिक्य उच्चार निर्विवाद आहे तेथेही कागद टिंब देत नसेल, तर त्याच कागदात पेडण्यावर टिंब नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुरावा आपल्या बाजूचा असला की ही साधी तपासणी करण्याचे सुचत नाही.

मग उरला तो छापील देवनागरीचा आधार, आणि तेथे माझी बाजू पुरतीच कोसळली. मोलस्वर्थच्या कोशात ‘सोनें’, ‘केळें’ ही नपुंसकलिंगी नामे अनुस्वारासह आहेत. 1962 पूर्वीचे कोणतेही मराठी पुस्तक उघडावे. ‘पुणें’, ‘ठाणें’, ‘केलें’, ‘झालें’ असेच छापलेले आढळेल. एकारान्त नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटचे हे नासिक्य मराठीचे स्वतःचे आणि फार जुने आहे. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि हे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. ‘पेडणे’ हे टिंबाविना रूप मूळचे आणि ‘पेडणें’ बनावट, हे माझे विधान म्हणजे साठ वर्षांच्या रूपाला मूळ म्हणणे आणि शेकडो वर्षांच्या रूपाला नवे म्हणणे होते. कोंकणीने काही जोडले नव्हते. आम्ही काढून टाकले होते. नियम चुकीचे होते असे मी म्हणत नाही. देशावरच्या शिष्ट बोलीतून तो उच्चार गेलेला होता, म्हणून चिन्हही गेले. पण पेडण्यातील माणसाच्या तोंडून तो गेला आहे किंवा नाही, हे महामंडळाने ठरविलेले नव्हते.

ते ऐकूनच ठरवावे लागणार होते. उपाय मला सोपा वाटला: वृद्धांना गावाचे नाव विचारावे, शेवटचा स्वर लांबवावयास सांगून नाकपुड्या चिमटीत धराव्यात, स्वर कोंडला तर तो नासिक्य. तीन चुका एकदम झाल्या. ‘पेडणे’ या शब्दात शेवटच्या स्वराआधी ‘ण’ आहे, आणि ‘ण’ स्वतःच नाकातून येत असल्याने पुढच्या स्वराला थोडे नासिक्य आपोआप लागते. चाचणीत स्वर कोंडला तरी ते श्रेय प्रत्ययाचे की ‘ण’चे, हे सांगता येत नाही. तेव्हा पेडणे सोडून मांद्रे घेतले. तेथे शेवटच्या स्वराआधी ‘द्र’ आहे, तोंडी आणि स्वच्छ.

दुसरी चूक प्रश्नाची. “आपण कुठले?” असे विचारले की उत्तर येते ‘मांद्र्याचा’ नाहीतर ‘मांद्र्यातला’. हे सामान्यरूप, मला हवी असलेली प्रथमा त्यात उमटतच नाही. तिसरी चूक माझ्या उपस्थितीची. मी मराठीचा कार्यकर्ता म्हणून ओळखला जातो. समोरचा माणूस माझ्याशी पुस्तकी मराठी बोलू लागतो आणि पुस्तकी मराठीत टिंब नाही. घरच्यांशी तो काय बोलतो, ते मी गेल्यावर.

वाट सापडली ती म्हापशाच्या बसस्थानकावर. शुक्रवारचा बाजार उरकून परतणाऱ्यांसाठी खासगी बसचे कंडक्टर गावांची नावे ओरडत असतात. ती नेमकी प्रथमेत असतात, कोणी विचारलेली नसतात, आणि माझ्यासाठी तर नसतातच. दोन शुक्रवार मी एका चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. प्रौढ कंडक्टरांच्या हाकेत ‘मांद्रें’चा शेवट स्पष्टपणे नाकातून येत होता. तरुणांपैकी काहींच्या हाकेत तो नव्हता, आणि एकाच्या हाकेत एकदा होता, एकदा नव्हता. यावरून टक्केवारी काढण्याचा मोह मी आवरला. ओरडताना स्वर ताणला जातो आणि गोंगाटात कान फसतात. उच्चार अद्याप जिवंत आहे, एवढेच त्यावरून म्हणता येते, आणि लेखात तेवढेच म्हटले.

एव्हाना माझे मत पूर्ण उलटले होते आणि उलटलेल्या मताचा माणूस दुसऱ्या टोकाला धावतो. तिसऱ्या खर्ड्यात मी लिहिले की गोव्यातील प्रत्येक ‘एम’ हा जुन्या नासिक्याचा साक्षीदार आहे. मास्तरांनी समासात एकच शब्द लिहिला: “डिचोली?”

‘पेडणे’ चालते ते ‘पुणे’सारखे: पेडण्याला, पेडण्यात. मांद्र्याचेही तसेच. हे नपुंसकलिंगी नामाचे वळण. तेथे अनुस्वार अपेक्षितच आहे. पण डिचोलीचे ‘डिचोलीला’, ‘डिचोलीत’ होते. हा ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द. त्याला ते नासिक्य मराठी व्याकरणाने मिळत नाही. कोंकणीतले ‘दिवचल’ तर स्वरान्तच नाही. तरीही पोर्तुगीज लेखनात ‘एम’ आहेच. असाच ‘एम’ त्यांनी वसईच्या आणि मुंबईच्या नावालाही लावला होता. बार्देश, साष्टी, तिसवाडी या भागांत सोळाव्या शतकापासून स्थानिक नावे लिहून त्यांच्या कचेऱ्यांना एक घडी बसली होती. डिचोली त्यांच्याकडे आली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. माझे मत असे की तोवर ‘इम’ हा गावाच्या नावाचा नेहमीचा शेवट होऊन बसला होता आणि लेखनिकाने तो कान न देता लावला. म्हणून लेखात कसोटी दिली: सामान्यरूपात ‘ण्या’, ‘द्र्या’ असा ‘या’ येत असेल तर त्या ‘एम’वर विश्वास ठेवावा, ‘डिचोलीत’सारखे रूप राहत असेल तर ठेवू नये. डिचोलीच्या आरंभीच्या ‘बी’वर मी एक कल्पक परिच्छेद रचला होता. तो गाळला; त्याला कल्पनेपलीकडे आधार नव्हता. राजभाषा कायद्यावरचे चार परिच्छेदही गेले. त्यांत माझा राग तेवढा होता, आणि गावच्या नावाबद्दल त्यातून काही कळत नव्हते.

फलकांविषयीची माझी मागणी बदललेली नाही. ‘पर्नेम’, ‘बिचोलिम’ ही रूपे देवनागरीत येऊ नयेत. मराठीत पेडणे आणि डिचोली असेच लिहावे. मात्र शेजारच्या कोंकणी ओळीतील टिंबाला यापुढे मी बनावट म्हणणार नाही, आणि आपल्या व्यासपीठांवरून कोणी तसे म्हटले तर विरोध करीन. ते टिंब माझ्या आजोबांच्या पत्रांतही होते.

एक गोष्ट राहिली. अंतिम मजकूर मुद्रितशोधनासाठी सावंतवाडीच्या एका काटेकोर मित्राकडे गेला होता. त्यांनी जुने लेखन समजून सर्व टिंबे काढून टाकली; उदाहरणांतलीसुद्धा. परत आलेल्या मजकुरात वाक्य होते: “पूर्वी ‘पेडणे’ असे लिहीत, आता ‘पेडणे’ असे लिहितात.” ती सगळी टिंबे मी पुन्हा हाताने बसविली. दोन सुटली होती. ती एका वाचक भगिनींनी मयेहून कळविली आणि दुरुस्त झाली.