पहिलं नाव कुणाचं? थीसिस कधी?

तुमच्या घरात कुणी पीएचडी करत असेल, तर चौथ्या-पाचव्या वर्षी फोनवर दोन वाक्यं ऐकली असतील. 'पेपरवर माझं नाव दुसरं टाकताहेत' आणि 'सर अजून थीसिस जमा करू देत नाहीत.' घरच्यांना वाटतं, नाव आहे ना, मग पहिलं काय नि दुसरं काय! पण जीवशास्त्रासारख्या प्रयोगांच्या विषयांत पहिलं नाव म्हणजे ज्यानं मुख्य काम केलं तो आणि शेवटचं नाव म्हणजे सहसा प्रयोगशाळेचा प्रमुख. पुढची संधी देणारे आधी हे पहिलं नाव बघतात. (गणितवाल्यांचं बरं आहे. तिथे नावं बहुधा आद्याक्षरांच्या क्रमाने लागतात.)

समजा, मातीतल्या जिवाणूंवर काम करणारी एक विद्यार्थिनी आहे. पाच वर्षांची फेलोशिप संपायला चार महिने उरलेत. पेपरात पाच आकृत्या आहेत. पहिल्या तीन तिच्या प्रयोगांच्या, पहिला मसुदाही तिचाच. नियतकालिकाच्या परीक्षकांनी जादा प्रयोग मागितले, ते सहा महिने खपून एका ज्युनिअरने केले. सर त्याला म्हणून बसले, "पहिलं नाव तुझं." शिवाय सरांचा आग्रह, की तिसरा पेपर झाल्याशिवाय थीसिस नको.

अशा वेळी दोन्ही भांडणं एकत्र झाली, की सौदा सुरू होतो : दुसरं नाव मान्य कर, मग सही करतो. म्हणून बैठक मागतानाच दोन विषय वेगळे लिहून पाठवावेत आणि प्रत्येकाला पाऊण तास ठेवावा. विद्यार्थ्याच्या संशोधन सल्लागार समितीचे निमंत्रक गाइडच असतात. तेव्हा अध्यक्षपद समितीतल्या दुसऱ्या प्राध्यापकांकडे द्यावं, तेही शक्यतो सरांना 'तसं नाही हो' म्हणू शकतील अशांकडे.

पहिल्या विषयाला एक तक्ता पुरतो. प्रत्येक आकृतीसमोर चार रकाने : कल्पना कुणाची, प्रयोग कुणाचे, विश्लेषण कुणाचं, लेखन कुणाचं. तो तिघांनी वेगवेगळा भरून आणायचा, प्रयोगवहीच्या तारखांसकट. आपल्या उदाहरणात दोन ओळींवर तिघांचं जुळलं नाही, वाद तेवढ्यापुरताच उरला. इथे एक गोष्ट माहीत असावी. लेखक कुणाला म्हणावं याचे निकष आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष बरेच जण वापरतात. पण क्रम लेखकांनी आपसात ठरवायचा असतो. नियतकालिक त्यात न्यायनिवाडा करत नाही, फार तर संस्थेकडे बोट दाखवतं. आणि रागाच्या भरात इतरांच्या संमतीशिवाय पेपर पाठवला, तर तो मागे घ्यावा लागू शकतो.

तक्ता पाहून ठरलं : पहिलं नाव तिचं, दुसरं ज्युनिअरचं, दोघांपुढे 'समान योगदान' ही खूण. जादा प्रयोगांतून पुढे निघणाऱ्या पेपरावर पहिलं नाव त्याचं. सरांनी त्याला दिलेला शब्दही अगदीच वाया गेला नाही.

थीसिसच्या बाबतीत अध्यक्षांनी आधी विद्यापीठाचा नियम वाचायला लावला. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. मुदतवाढीची सोय वेगळी. पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्तीही त्यात उरलेली नाही. मात्र विद्यापीठ आपली अट ठेवू शकतं, म्हणून स्वतःच्या विद्यापीठाचा कागद बघायलाच हवा. इथे अट एका पेपराची होती आणि तो आधीच छापून झाला होता.

मग सरांना विचारलं, तिसरा पेपर का हवा? तेव्हा खरी भीती बाहेर आली. ती गेली की ते काम कोण पुरं करणार? असं काम अर्धवट पडून राहतं, हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. म्हणून तिसरं काम थीसिसबाहेर गेलं. तिने वह्या, नमुने आणि पद्धती दोन आठवड्यांत लिहून ज्युनिअरकडे सोपवायच्या.

तारखा उलट्या मोजल्या : जमा करण्याचा दिवस, त्याआधी साहित्यचौर्य तपासणी, त्याआधी पूर्व-सादरीकरण, त्याआधी प्रकरणं. थीसिस बहुधा लिहिण्यात अडकत नाही, सरांच्या टेबलावर अडकते. त्यामुळे तारखा सरांनाही लागल्या : प्रत्येक प्रकरण दहा दिवसांत तपासून परत. न आल्यास अकराव्या दिवशी तिने अध्यक्षांना कळवायचं.

सर बैठकीलाच तयार नसतील, तर मात्र हा मार्ग चालत नाही. मग विभागप्रमुख आणि त्यानंतर विद्यापीठाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती.

आपल्या उदाहरणात त्याच संध्याकाळी तिने अर्ध्या पानाचा ईमेल पाठवला. त्यात नावांचा क्रम, सहा तारखा आणि शेवटी एक ओळ : 'काही चुकलं असेल तर शुक्रवारपर्यंत दुरुस्त करावं.' गुरुवारी सरांनी एक तारीख तीन दिवसांनी पुढे ढकलली आणि खाली लिहिलं, 'मान्य.'