विश्लेषण : ‘काइंडली डू द नीडफुल’ म्हणजे नेमके करायचे काय?

‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक अॅट द अर्लिएस्ट.’ नोकरी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये हे वाक्य सापडेल. हे इंग्रजी जुनाट आहे, परदेशी ग्राहक हसतात, म्हणून ते टाळा, असा सल्ला कॉर्पोरेट प्रशिक्षणात सर्रास दिला जातो. सल्ला बरोबर आहे, कारण मात्र चुकीचे. या वाक्याचा खरा दोष वयाचा नाही. काय करायचे, उत्तर कशाचे द्यायचे आणि कधीपर्यंत, यातले काहीच ते सांगत नाही.

१८ हजार रुपये कुठे अडकतात?

एक काल्पनिक, पण कोणत्याही लेखा विभागाला ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. चाकणच्या एका पुरवठादाराने जून महिन्यात एका कंपनीला १ लाख रुपयांचा माल दिला. १८ टक्के जीएसटी धरून बिल झाले १ लाख १८ हजारांचे. बिलावर खरेदीदार कंपनीचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक चुकला. कंपनीच्या अकाउंटंटने ५ जुलैला मेल पाठवला : ‘जीएसटी नंबर इज राँग इन द इन्व्हॉइस. काइंडली डू द नीडफुल.’

पुरवठादाराने तत्परतेने बिलावरचा क्रमांक दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी नवी पीडीएफ पाठवली. त्याच्या दृष्टीने ‘नीडफुल’ झाले. पण त्याच्या कर सल्लागाराकडे जून महिन्याचे जीएसटीआर-१ विवरणपत्र आधीच तयार होते आणि त्यात जुनाच क्रमांक होता. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी त्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते. ते तसेच भरले गेले. १४ जुलैला खरेदीदार कंपनीचे जीएसटीआर-२बी तयार झाले, तेव्हा त्यात हे बिल नव्हते. म्हणजे १८ हजारांचे इनपुट टॅक्स क्रेडिट त्या महिन्यात मिळाले नाही. आता दुरुस्ती पुढच्या विवरणपत्रात. तोवर कंपनी पुरवठादाराचे पैसे रोखणार हे ओघाने आलेच.

यात आळशी कोणीच नव्हते. ‘नीडफुल’मध्ये दोन कामे दडली होती आणि वाचणाऱ्याला त्यातले एकच दिसले. मेल असा हवा होता : ‘द जीएसटी नंबर ऑन इन्व्हॉइस ४७ इज राँग. प्लीज सेंड अ करेक्टेड इन्व्हॉइस बाय ८ जुलै. ऑल्सो यूज द करेक्ट नंबर इन युअर जून जीएसटीआर-१, ड्यू ऑन ११ जुलै. प्लीज कन्फर्म व्हेन बोथ आर डन.’ त्याखाली बरोबर क्रमांक. यात अवघड शब्द एकही नाही. लिहिणाऱ्याला दोन मिनिटे जास्त लागतील, कारण नेमके काय हवे याचा विचार त्याला आधी करावा लागेल. ‘डू द नीडफुल’ लिहिताना तोच विचार आपण समोरच्यावर ढकलत असतो.

हे इंग्रजी आले कुठून?

ब्रिटनमध्ये हा वाक्प्रचार एकेकाळी रुळलेला होता. तिथे तो मागे पडला, इथल्या कचेऱ्यांमध्ये टिकला. त्याचे मराठी भावंड आपल्या सरकारी पत्रांत रोज भेटते : ‘माहितीस्तव व आवश्यक त्या कार्यवाहीस्तव’. कागदी फाइलच्या काळात हे चालून जात होते. पत्रासोबत आधीचे शेरे, टिपणी असा सगळा गठ्ठा टेबलावर यायचा आणि कोणत्या टेबलाचे काम काय हे ठरलेले असायचे. मेल मात्र एकटा येतो, तोही मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये दोन ओळींपुरता. फाइल नाही, पण फाइलची भाषा तेवढी उरली.

‘रिव्हर्ट’ने काय बिघडते?

इथे प्रश्न अर्थाचाच आहे. ब्रिटिश-अमेरिकी वापरात ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या अवस्थेला परत जाणे. भारतात, तसेच सिंगापूर-मलेशियातही, त्याला ‘उत्तर देणे’ हा अर्थ चिकटला. आपल्याआपल्यात त्याने काही अडत नाही. ‘बॅक’ जोडले की ते ‘पुन्हा परत’सारखे दुहेरी होते, पण तो किरकोळ दोष.

गोंधळ होतो तो सॉफ्टवेअरमध्ये. तिथे `git revert` ही कमांड आधी केलेला बदल उलटवते. आता पुण्याच्या टीमने परदेशातल्या इंजिनीअरला लिहिले, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द लॉगिन पेज चेंजेस बाय फ्रायडे’, तर तो काय समजेल? पुण्याला अभिप्राय हवा आहे. समोरच्याला वाटू शकते की बदल काढून टाकायला सांगितले. ‘रिप्लाय’ हा शब्द छोटा आहे, शाळेपासून माहीत आहे आणि त्याचा दुसरा अर्थ नाही. त्यापुढे प्रश्नही लिहिला तर उत्तम : ‘प्लीज टेल मी बाय फ्रायडे इफ द लॉगिन पेज इज ओके टू रिलीज.’

‘अॅट द अर्लिएस्ट’चीही तीच गत. त्याऐवजी हल्ली ‘ईओडी’ लिहितात, म्हणजे दिवसअखेर. पण कोणाच्या दिवसाची अखेर? पुण्यात संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ झालेले असतात. आधुनिक दिसणारा शब्द स्पष्ट असतोच असे नाही. तारीख, वेळ आणि ‘आयएसटी’ लिहावे.

मग सगळेच भारतीय इंग्रजी चुकीचे?

अजिबात नाही. ‘प्रीपोन’ घ्या. बैठक अलीकडे आणणे या अर्थाचा हा आपला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे आणि इंग्रजीत त्याला इतका नेमका पर्याय नाही. भारतीय सहकाऱ्यांत तो खुशाल वापरावा. परदेशी माणसाला नवी वेळ सरळ सांगितली की झाले.

‘डू द नीडफुल’ सुटत नाही त्यामागे मात्र इंग्रजीपेक्षा आपली उतरंड जास्त आहे. साहेबांना ‘अप्रूव्ह धिस’ लिहिणे म्हणजे हुकूम सोडल्यासारखे वाटते. ‘नीडफुल’मध्ये अदब राहते आणि काय करायचे ते साहेबांच्या मर्जीवर सोडता येते. ही अडचण खरी आहे, आणि ती प्रश्नार्थक वाक्याने सुटते : ‘सर, कुड यू प्लीज अप्रूव्ह द अटॅच्ड कोट बाय वेन्सडे? द प्राइस इज व्हॅलिड टिल थर्सडे.’ घाई आपली नाही, दर गुरुवारीच संपतो आहे, हे दिसले की उद्धटपणाचा प्रश्न उरत नाही.

दुसरा वापर कमी निरागस आहे. काय करायला हवे हे स्वतःलाच माहीत नसते, पण ‘मी तर कळवले होते’ याची नोंद हवी असते. अशा वेळी मेल पुढे ढकलून त्यावर ‘फॉर नीडफुल’ लिहिले की काम पुढच्याच्या गळ्यात. यावर शब्द बदलून उपाय होत नाही. तिथे लिहायला हवे : ‘ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले आहेत, परतावा कोण देते हे मला माहीत नाही. हे तुमच्याकडे येते का? नसेल तर कोणाला विचारू?’

नेहमीच्या, ठरलेल्या कामात हा वाक्प्रचार आजही निभावून जातो. दर महिन्याच्या १ तारखेला तोच फॉर्म त्याच माणसाकडे सहीसाठी जात असेल, तर ‘नीडफुल’ काय ते त्याला ठाऊक असते. नवा माणूस, नवे काम किंवा चुकीची दुरुस्ती असेल, तर मेल पाठवण्यापूर्वी ‘नीडफुल’ खोडून तिथे क्रियापद लिहावे : साइन, पे, चेक, सेंड, अप्रूव्ह. यातले एकही बसत नसेल, तर तो मेल अजून पाठवण्याजोगा झालेला नाही.