पहिला बाण कोणी मारला, हेही वहीत लिहा

नोकरीतून नकार आला की आपल्या पोरापोरींना हल्ली दोन माणसं हमखास भेटतात. पहिला व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेणारा. तो म्हणतो, ‘‘जर्नलिंग करा. नकार आला एवढंच फॅक्ट, बाकी सगळी तुमच्या मनाची स्टोरी. जात वगैरे तुम्हीच स्वतःला सांगितलेली गोष्ट आहे.’’ दुसरा आपल्यातलाच. नकाराचा मेल पुरता वाचायच्या आत तो निकाल देऊन टाकतो, ‘‘जातीमुळेच काढलं. ते आपल्याला घेणारच नव्हते.’’ दोघांचं ऐकून पोरगी घरी जाते आणि पुढचा अर्ज भरायचं सोडून देते. पहिल्यामुळे ती स्वतःला दोष देते, दुसऱ्यामुळे प्रयत्न फुकट मानते. परिणाम एकच.

वही लिहायला आमचा विरोध नाही. उलट ती लिहाच, असा आमचा आग्रह आहे. फक्त घडलेलं काय आणि आपण लावलेला अर्थ काय, हे ठरवायचा अधिकार त्या वर्गवाल्याच्या हातात देऊ नका.

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा काढून वाचा. 1917 साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या, परदेशात शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेत अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात येतात. बाबासाहेब काय लिहितात? कोण आलं, काय विचारलं, किती वेळ दिला. मग एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे गेलो, कोणी कोणतं कारण सांगितलं, आणि त्या कारणामागचं मला काय उमगलं. समोरच्याचे शब्द एकीकडे, आपला निष्कर्ष दुसरीकडे. म्हणूनच ते लिखाण आज कोणाला ‘भावनिक’ म्हणून झटकता येत नाही.

आता आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीचं पान बघू. अनुदानित महाविद्यालयातलं सहाय्यक प्राध्यापकाचं पद, विषय समाजशास्त्र, जागा अनुसूचित जातीसाठी राखीव. मुलाखत झाली, नाव लागलं नाही. तिने पहिल्या रात्री लिहिलं: ‘‘माझं इंग्रजी कच्चं आहे. त्यांनी मला तुच्छतेने वागवलं. आडनाव बघूनच ठरलं होतं.’’ तीन वाक्यं, तिन्ही अर्थ लावलेली. घडलेलं त्यात एकही नाही.

आम्ही तिला पानावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात फक्त तेवढंच, जे खोलीत मोबाइल ठेवला असता तर रेकॉर्ड झालं असतं. दुसऱ्यात मनाने लावलेले सगळे अर्थ, एकही न लपवता. तिसऱ्यात, तो अर्थ खरा की खोटा हे कुठे तपासता येईल. पहिला रकाना शक्यतो त्याच दिवशी भरायचा, कारण निकाल कळल्यावर आठवणीलाही रंग चढतो.

पहिल्या रकान्यात आलं ते असं. मुलाखत साधारण सहा मिनिटं. पहिला प्रश्न, गाव कोणतं. दुसरा, वडील काय करतात. तिसरा, दुर्खीमची आत्महत्येवरची मांडणी. तिने चारपैकी दोन प्रकार सांगितले आणि अडखळली. एक प्रश्न इंग्रजीत होता, तिने उत्तर मराठीत दिलं, कोणी टोकलं नाही. बाहेर बसलेले सात उमेदवार, सगळे त्याच प्रवर्गातले. निकालात कोणाचंच नाव नाही. शेरा: ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’

शेवटच्या दोन ओळींनी सगळंच फिरलं. रात्रभर ती विचारत होती, ‘‘मलाच का नाकारलं?’’ वहीने दाखवलं की तिला बाजूला सारून दुसऱ्या कोणाला घेतलेलंच नाही. सातही जणांना नाकारून जागा रिकामी ठेवली आहे. म्हणजे ‘माझं इंग्रजी कच्चं’ या अर्थाने हा निकाल उलगडत नाही. ‘माझं आडनाव’ हाही अर्थ अपुरा पडतो. खरा प्रश्न मोठा निघाला: सातही अपात्र ठरवणारा निकष कोणता होता, आणि तो मुलाखतीआधी ठरला होता की नंतर?

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत शैक्षणिक गुणांक फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरता ठेवला आणि निवड केवळ मुलाखतीवर सोपवली. नेट, पीएच.डी., प्रकाशनं दारापर्यंत आणतात, पुढे बंद खोलीतली काही मिनिटं ठरवतात. ‘गुणवत्ता’ हा शब्द तिथे किती लवचीक होतो, ते सांगायला नको.

म्हणून तिसऱ्या रकान्यातून माहिती अधिकाराचा अर्ज तयार झाला. दहा रुपये शुल्क, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मागितलं एवढंच: माझे मुलाखतीतले गुण, पात्रतेचे किमान गुण आणि ते ठरवल्याची तारीख, हे पद यापूर्वी किती वेळा जाहिरातीत आलं, आणि या विषयाची बिंदुनामावली. ‘माझ्यावर अन्याय का केला’ असं विचारू नका. माहिती अधिकारी नोंद देतो, खुलासा देत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आणि हो, दुर्खीमचे उरलेले दोन प्रकार तिने त्याच आठवड्यात वाचले. आपली उणीव आणि व्यवस्थेची लबाडी एकाच पानावर राहू शकतात. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

खासगी कंपनीत मात्र माहितीचा अधिकार चालत नाही. तिथे एका नकारावरून जात सिद्ध करता येत नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण ‘एकावरून कळत नाही’ म्हणजे ‘नसतेच’ असं नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. 2007 साली निष्कर्ष छापून आले: पुढचं बोलावणं येण्याची दलित नावाची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश. यात प्रत्येक अर्जदाराच्या मनातली ‘स्टोरी’ कुठून आली? हा आकडा हजारो अर्ज शेजारी ठेवल्यावर दिसला.

मग आपणही तेच करू. विहारात महिन्यातून एकदा दहा जणांचे पहिले रकाने शेजारी ठेवा. ‘घरचं वातावरण कसं आहे’, ‘मूळ गाव कुठलं’ हे किती जणांना विचारलं? बोलावणं कोणत्या टप्प्यावर थांबलं? दहा पानांवरून सिद्धांत होणार नाही, पण एकट्याची शरम कमी होईल आणि कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

एक सावधगिरी. दुसरा रकाना रोज रोज भरत बसू नका. वीस मिनिटं, वही बंद. चौथ्या दिवशीही तीच वाक्यं उतरत असतील आणि पहिल्या रकान्यात नवं काही येत नसेल, तर ते लिहिणं राहिलेलं नाही, जखम खाजवणं आहे. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही पुरणार नाही. माणसाकडे जा, डॉक्टरकडे जा.

संयुक्त निकायातल्या सल्लसुत्तात तथागत दोन बाण सांगतात. पहिला लागतो तो दुःखाचा, दुसरा आपण तळमळून स्वतःलाच मारून घेतो. वर्गवाले दुसऱ्या बाणावर तासभर बोलतात. आमचं म्हणणं, दुसरा बाण उपसा, जरूर उपसा. म्हणजे हात मोकळे होतात. मग पहिला बाण कोणत्या दिशेने आला, ते तारीख-वेळेसह लिहायला घ्या.

जय भीम!