फोटो दैत्यसूदनाचा, ओळ कमळजेची

संपादक महोदय,


लोणार सरोवराची पाणीपातळी वाढून कमळजा देवीच्या मंदिराला पाण्याने वेढल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वाचली. बातमी महत्त्वाची होती आणि मजकूरही बरोबर होता. तिच्यासोबत मात्र तीन स्तंभी रंगीत छायाचित्र छापले आहे आणि त्याखाली ‘पाण्याच्या विळख्यात सापडलेले सरोवराकाठचे कमळजा देवी मंदिर’ अशी ओळ आहे. छायाचित्रातले मंदिर कमळजा देवीचे नाही. ते लोणार गावात, भर वस्तीत असलेले दैत्यसूदन मंदिर आहे.

हे मी केवळ आठवणीवरून सांगत नाही. छायाचित्रच ते सांगते. त्यातल्या मंदिराचा चौथरा उंच आहे. भिंती सरळ जात नाहीत. चांदणीच्या टोकांसारख्या कोनाकोनांनी पुढे-मागे होतात आणि त्या कोनांवर मूर्तींच्या ओळी कोरलेल्या आहेत. वर शिखर नाही, काम अर्धवट राहिल्यासारखा माथा आहे. ही सगळी दैत्यसूदनाची ओळख आहे. चालुक्यकालीन मानल्या जाणाऱ्या या विष्णुमंदिरासारखी भिंत विवराच्या आतल्या कुठल्याही मंदिराला नाही. कमळजेचे मंदिर त्यामानाने साधे आहे. बाहेरच्या भिंतींवर असे शिल्पकाम तिथे सापडणार नाही.

ज्यांनी दोन्ही मंदिरे पाहिलेली नाहीत त्यांनाही तपासता येईल अशी खूण त्याच छायाचित्रात आहे. ती म्हणजे मंदिरामागचे आकाश. लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि सरोवराचे पाणी त्याच्या काठापासून सव्वाशे मीटरहून अधिक खाली आहे. कमळजा देवीचे मंदिर या विवराच्या तळाशी, पाण्याला लागून आहे. तिथे उभे राहून कुठल्याही बाजूला कॅमेरा धरला, तरी चौकटीत एक तर पाणी येते, नाही तर झाडीने भरलेला विवराचा चढ. आकाश त्या चढाच्या वर सुरू होते. आपल्या छायाचित्रात मंदिराच्या चौथऱ्यामागे सपाट जमीन आहे, उजवीकडे एका घराची भिंत दिसते आणि आकाश थेट जमिनीला टेकले आहे. विवराच्या तळातून असे दृश्य दिसूच शकत नाही. शिवाय पाण्याच्या विळख्यात सापडलेल्या मंदिराच्या छायाचित्रात पाण्याचा थेंबही नसावा, एवढी एक गोष्टदेखील पान लावताना कुणाला थांबवायला पुरेशी होती.

‘दोन्ही मंदिरे लोणारचीच, मग एवढे काय बिघडले?’ असे आमच्या इथे एका गृहस्थांनी मला विचारले. आपल्या कार्यालयातही कुणाला तसे वाटू शकते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. दैत्यसूदन मंदिर गावाच्या पातळीवर आहे. विवराचा काठ आसपासच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. ती उंची वजा केली तरी गाव सरोवराच्या पाण्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक वर राहते. सरोवर स्वतः काही मीटरच खोल आहे. म्हणजे आपली ओळ खरी मानायची, तर अख्खे विवर पाण्याने भरून लोणार गावात पाणी शिरले असे मानावे लागेल. बाहेरगावच्या वाचकाला ही उंची ठाऊक नसते. तो छायाचित्र बघतो आणि जिल्ह्यातले सर्वांत देखणे कोरीव मंदिर पाण्यात गेले असे समजतो. बातमी छापून आली त्या दिवशी मला अकोल्याहून आणि पुण्याहून असेच विचारणारे फोन आले.

उलट बाजूचे नुकसान याहून मोठे आहे. ज्या मंदिरावर खरोखर संकट आले, ते आपल्या वाचकाला दिसलेच नाही. नवरात्रात ज्या देवीच्या दर्शनासाठी पंचक्रोशीतली माणसे विवर उतरून जातात, तिच्या दाराशी पाणी किती आले, कोणती पायरी बुडाली, कोणती अजून उघडी आहे, हे एका छायाचित्राने सांगितले असते. सरोवराची पातळी पूर्वी कुठे होती आणि आज कुठे आहे याचा विचार करताना पायऱ्या, ओटे आणि झाडांची खोडे यांचे तारीखवार फोटो उपयोगी पडतात. 2020 मध्ये लोणारला रामसर यादीतल्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्या पाण्याच्या चढ-उताराची नोंद पुढे अभ्यासक वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांतही शोधणार आहेत. त्यांच्या हाती कमळजेच्या नावाखाली दैत्यसूदनाची कोरडी भिंत पडेल.

अशी चूक कशी होते, याचा अंदाज करता येतो. ‘लोणार मंदिर’ एवढ्याच नावाने साठवलेल्या फोटोंतून पान लावणाऱ्याने जो स्पष्ट आणि देखणा असेल तो उचलला असावा. लोणारमध्ये विवराच्या आत, काठावर आणि गावात मिळून अनेक जुनी मंदिरे आहेत. त्यामुळे एवढ्या नावाने काहीच कळत नाही. बातमीदाराने फोटो नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, तर कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली तारीख आणि ठिकाण वाटेतच पुसले जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. त्यासोबत मंदिराचे नाव, ते विवरात आहे की गावात, फोटो काढल्याची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव एवढे लिहून देण्याची सक्ती केली, तर डेस्कवर अंदाज करण्याची वेळ येणार नाही. आणि जुना फोटो वापरायचाच असेल तर ‘संग्रहित छायाचित्र’ हे दोन शब्द हवेतच. ते नसल्यामुळे आपले छायाचित्र त्याच आठवड्यातले आहे असा वाचकांचा समज झाला.

असे मोठ्या वृत्तपत्रांतही घडते. सप्टेंबर 2021 मध्ये एका राष्ट्रीय इंग्रजी दैनिकात उत्तर प्रदेश सरकारच्या जाहिरातीत कोलकात्याचा उड्डाणपूल छापून आला होता. तो पूल कुठला हे लोकांनी त्यावरच्या पिवळ्या टॅक्सींवरून ओळखले. त्या दैनिकाने चूक आपल्या विपणन विभागाकडून झाल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि डिजिटल आवृत्त्यांतून ते चित्र काढून टाकले. आपल्याकडूनही निदान तेवढी अपेक्षा आहे. तथ्याची चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती तातडीने आणि ठळकपणे छापावी, असे भारतीय प्रेस कौन्सिलचे संकेतही सांगतात.

माझी मागणी अशी आहे. दुरुस्ती त्याच जिल्हा पानावर, सहज दिसेल अशा जागी यावी. ‘नजरचुकीने चुकीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले’ एवढ्यावर ती थांबू नये. ते दैत्यसूदन मंदिर आहे, ते गावात आहे आणि सुरक्षित आहे, हे तिच्यात स्पष्ट लिहावे. सोबत कमळजा मंदिराचे आजचे छायाचित्र तारखेसह द्यावे. ई-पेपरमध्येही ती ओळ बदलावी. आणि आपल्या संग्रहातल्या त्या फोटोचे नाव आजच दुरुस्त करावे, कारण ते तसेच राहिले तर येत्या नवरात्रात कमळजेच्या यात्रेच्या बातमीसोबत हेच छायाचित्र पुन्हा छापले जाईल.

— एक नियमित वाचक,
मेहकर, जि. बुलढाणा