दिवा बॅटरीचा, दोष पट्ट्याचा

ट्रॅक्टर चालू असताना डॅशबोर्डावरील बॅटरीच्या आकाराचा तांबडा दिवा पेटला, की पुष्कळ शेतकरी नवी बॅटरी विकत आणतात. हा खर्च बहुधा व्यर्थ जातो. त्या दिव्याचा अर्थ ‘बॅटरी बिघडली’ असा नसून ‘बॅटरीकडे वीज येत नाही’ असा आहे. ही वीज अल्टरनेटर निर्माण करतो व त्यास इंजिनावरील पट्टा फिरवितो. म्हणून तपासणीचा प्रारंभ पट्ट्यापासूनच व्हावयास हवा.

समजा, उसाची खेप नेताना हा दिवा पेटला व शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसविली. दुकानातून ती भरूनच आलेली असते. त्यामुळे इंजिन झटक्यासरशी सुरू होते आणि दोष सापडला असे वाटते. परंतु तांबडा दिवा पेटलेलाच राहतो. रात्री पुढचे दोन दिवे सुमारे 9 ते 10 अँपिअर वीज घेतात. ती परत भरली जात नसल्याने नवी बॅटरीही काही तासांत उतरते व भरलेल्या ट्रॉलीसह वाहन रस्त्यावर अंधारात सापडते.

याऐवजी प्रथम इंजिन बंद करून, चावी काढून पट्टा पाहावा. तो तुटला आहे काय, त्यावर चिरा अथवा चकाकी आली आहे काय, हे तपासावे. दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारणपणे अर्धा इंच दबावा. नेमके माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते. पट्टा अधिक सैल असल्यास अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून तो ताणून घ्यावा. पुष्कळ ट्रॅक्टरांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. अशा वेळी पट्टा तुटल्यास इंजिन तापते. म्हणून वाहन तत्काळ थांबवावे.

पट्टा ठीक असल्यास मीटर लावावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे 14 व्होल्ट दाब दिसावा. तो 12 च्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटरची तार, कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर यांत दोष असतो. परीक्षेसाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची प्रथा मात्र सोडावी. तिने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

बॅटरी कधीच दोषी नसते, असे नव्हे. इंजिन सुरू होताच दिवा विझतो, दाबही 14 व्होल्ट दिसतो, तरीही रोज सकाळी स्टार्टर मंद फिरतो, अशा स्थितीत टर्मिनले स्वच्छ व घट्ट करून बॅटरी तपासून घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद शेतकऱ्यांस ट्रॅक्टरजवळ उभे राहूनच दाखवावा. पट्टा पाहण्यापूर्वी बॅटरीची खरेदी होऊ नये.